सोड्यांची खळखळ

मिरकरवाड्यात मासळी सुकवणाऱ्या बायांच्या घामावर किती जण पोसले गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ठेवला असता तर पहिलं नाव पालीच्या शेठचं निघालं असतं. हा माणूस टेम्पो घेऊन यायचा, पोत्यात हात घालायचा, नाक मुरडायचा आणि म्हणायचा, "वहिनी, माल जरा नरमच वाटतो." उन्हात पाठ भाजून कडकडीत वाळवलेले सोडे, म्हणजे सोललेली कोलंबी, याला नरम वाटायचे. आणि हेच नरम सोडे पुण्यात स्वतःच्या पिशव्यांत भरून विकताना त्याच्या तोंडात एकदम 'रत्नागिरीचा अस्सल कडक माल' यायचा.

मासळी सुकवणाऱ्या बायांच्या गटाची म्होरकी गुणवंती त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणायची. तो हसायचा. चोराला चोर म्हटलं की राग येतो; पण दुसरं गिऱ्हाईकच नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कसला राग येणार.

दुसरं गिऱ्हाईक आणलं ते तिच्या सुनेनं, नेत्रानं. नेत्रा लग्नाआधी एका कंपनीसाठी घरातून फोनवर बोलायची. तक्रारी ऐकायच्या आणि गोड आवाजात माफी मागायची, असं ते काम. त्या कामानं तिला एक लॅपटॉप दिला आणि माफी मागायचा कायमचा कंटाळा दिला. त्याच लॅपटॉपवर तिनं बायांच्या गटाचे फोटो टाकले, चार ठिकाणी लिहिलं, आणि पुण्यात तीन खाणावळी चालवणाऱ्या दमयंतीबाईंचा फोन आला.

दमयंतीबाई मूळच्या गणपतीपुळ्याकडच्या. नमुना मागवला, शिजवून खाल्ला, आवडला. पण त्या म्हणाल्या, "नमुना सगळ्यांचाच चांगला असतो. लग्नाआधी सगळेच नवरे चांगले असतात. मला तुमचा साठा बघायचाय. मी सांगीन ते पोतं तुम्ही माझ्यासमोर उघडायचं. आणि सोडे सुपात घालून मला ऐकवायचे."

"ऐकवायचे?" नेत्रानं विचारलं होतं.

"कॅमेऱ्यात सगळेच सोडे गुलाबी दिसतात. रंग फसवतो. माझी आई सूप कानाशी धरायची. वाळलेला सोडा खडीसारखा खळखळतो, नरम सोडा थपथप करतो. कान फसत नाही."

हे ऐकून गुणवंती खूश झाली. "ही बाई आपल्यातली हाय. हिला फसवायची सोय नाय, म्हणजे हिच्याकडून आपण पण फसायचो नाय."

तर त्या दिवशी दुपारी गटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मीटिंग ठरली. मीटिंग जमली तर सोडे थेट पुण्याला, नाही तर पुन्हा टेम्पो, पुन्हा पोत्यातला हात आणि पुन्हा ते मुरडलेलं नाक.

ऑक्टोबर. पत्रा तापून तवा झालेला. भिंतीला पोती लावलेली, मधे टेबल, टेबलावर लॅपटॉप. आणि टेबलाच्या मागे तो उभा पंखा. हा पंखा माणसांसाठी नव्हता. तो माश्यांसाठी होता. सुकी मासळी उघडी पडली की माश्या कुठून येतात देव जाणे, पण पंख्याच्या झोतात त्यांना बसता येत नाही. म्हणून पंखा कायम फुल्ल. त्याचं एक पातं वाकलेलं होतं, त्यामुळे तो नुसता फिरायचा नाही, फिरत असल्याचं सगळ्या मोहल्ल्याला सांगायचा.

दुसरा आवाज श्रद्धाचा. श्रद्धा म्हणजे गटाची सेक्रेटरी, शेजारच्या आळीतली, टायपिंगची परीक्षा पास झालेली. खाऱ्या हवेनं लॅपटॉपची निम्मी बटणं मेली होती, म्हणून तिनं घरून एक जुना कीबोर्ड आणून जोडला होता. काळा, जड, आणि बटणं अशी की एकेक दाबलं की खिळा ठोकल्यासारखं वाजावं. श्रद्धाचा हातही हलका नव्हता. मीटिंगमध्ये ठरेल ते सगळं जागच्या जागी लिहायचं, नंतर कुणी 'मी असं बोललोच नव्हतो' म्हणायला नको, असा गुणवंतीचा हुकूम होता. शेठनं शिकवलेला शहाणपणा.

पडद्यावर दमयंतीबाई आल्या. पांढरे केस, कानांवर मोठाले हेडफोन, चेहरा हिशेबी.

"नमस्कार," त्या म्हणाल्या आणि लगेच डोळे बारीक केले. "अहो, हे काय चाललंय तुमच्याकडे? गिरणीत बसलाय का?"

"पंखा हाय तो," गुणवंती म्हणाली.

"आणि ते ठकठक?"

श्रद्धाचे हात थांबले. "ते मी लिहितेय. तुम्ही 'नमस्कार' म्हणालात ते लिहिलं."

"नमस्कार कशाला लिहितेस गो?" गुणवंती कुजबुजली.

"तुम्हीच म्हणालात, सगळं लिही."

"पंखा बंद करा की," दमयंतीबाई म्हणाल्या.

गुणवंतीनं नेत्राकडे पाहिलं. पंखा बंद केला तर माश्या. आणि या बाईनं फोनवर सांगून ठेवलेलं, 'माशी बसलेला माल मी दारातूनच परत पाठवते.'

"एक मिनिट थांबा हं," नेत्रा म्हणाली. हे तिचं घरचं मैदान होतं. फोनवर माफ्या मागायच्या दिवसांत तिच्या मागे माहेरचा मिक्सर, कोंबडा आणि आजोबांचा खोकला असायचा, आणि गिऱ्हाइकाला त्यातलं काही ऐकू जाता कामा नये असा कंपनीचा नियम. तिनं मीटिंग चालू ठेवूनच सेटिंग उघडलं. नॉइज सप्रेशन. तिथं चार पर्याय: ऑटो, हाय, लो, ऑफ. ऑटोवर होतं. तिनं 'हाय' केलं. "आता बोला. आता येतो का आवाज?"

पंखा तसाच घरघरत होता. श्रद्धा मुद्दाम दोन ओळी ठोकून पाहत होती. शेडमध्ये काडीचा फरक पडला नव्हता. पडणारही नव्हता, सेटिंग पंखा थांबवत नाही, माइकमधून पुढे जाणाऱ्या आवाजातून पंखा गाळून टाकतं.

पण पुण्यात दमयंतीबाईंचा चेहरा मोकळा झाला. "अगं बाई. गेलं की सगळं. आता कसं देवळात बसल्यासारखं वाटतं."

"ठकठक?"

"कुठली ठकठक? नाही काही."

श्रद्धाला थोडं वाईट वाटलं.

"काय केलंस गो?" गुणवंतीनं हळूच विचारलं.

"गाळणी लावली, आई. माणसाचा आवाज तेवढा जातो. बाकीचा चोथा हितंच."

"असली गाळणी तुझ्या सासऱ्याच्या तोंडाला बसते काय बघ."

पुढं सगळं मध घातल्यासारखं चाललं. दमयंतीबाईंनी गावच्या गोष्टी काढल्या, आरे-वारेच्या रस्त्यावर आता गाड्याच गाड्या म्हणून हळहळल्या, सोडे वाळवायच्या जाळ्या कशा, किती उन्हात, सगळं खोदून खोदून विचारलं. गुणवंतीनं सगळ्याला धडधडीत उत्तरं दिली. मग बाई मुद्द्यावर आल्या.

"डाव्या हाताचं ते मागचं पोतं. ते खालचं. हां. उघडा."

नेत्रानं वरची पोती बाजूला सारली, खालचं उपसून काढलं. गुणवंतीनं सुतळी सोडली, सूप भरून सोडे काढले, लॅपटॉपच्या तोंडाशी आणले आणि हलवले.

खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. समुद्राची लाट मागं जाताना गोटे वाजतात तसा आवाज. गुणवंतीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आता बघ म्हणावं.

दमयंतीबाई वाट बघत होत्या.

"हलवा की."

"हलवलं ना."

"पुन्हा हलवा."

गुणवंतीनं पुन्हा हलवलं. बाईंनी हेडफोन कानांवर दाबले. हळूहळू त्यांचा चेहरा पहिल्यासारखा हिशेबी झाला.

"गुणवंतीबाई, मला काही ऐकू येत नाही."

"असं कसं? हे बघा." तिनं सूप असं हादरवलं की दोन-चार सोडे कीबोर्डवर जाऊन पडले. श्रद्धानं ते उचलून परत टाकले, एक तोंडात टाकला.

"तुम्ही सूप हलवताय ते दिसतंय मला," दमयंतीबाई म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती, आणि हेच वाईट होतं. "पण खळखळ नाही. ओल धरलीय मालानं. पावसाळ्यातला राहिलेला दिसतो. होतं असं, त्यात लाजायचं काही नाही. पण मी ओला माल घेत नाही."

गुणवंतीनं सूप खाली ठेवलं. आयुष्यात तिला लोकांनी भांडखोर म्हटलं, तोंडाळ म्हटलं, बाजारात तराजूवरून मारामाऱ्या झाल्या. पण ओला माल? हे फक्त एकच माणूस म्हणत आला होता, आणि तो टेम्पोतून यायचा.

"बाई, तुमचे कान..."

"आई," नेत्रानं तिचा हात दाबला.

"बरं, दुसरं पोतं दाखवू?" श्रद्धा मधेच म्हणाली.

दुसरं उघडलं. सूप हललं. बाईंनी मान हलवली. आडवी.

"मी आता काय करते," त्या म्हणाल्या, "तुम्हाला नंतर फोन करते. अजून एका माणसाला वेळ दिलीय मी. पालीचे एक शेठ आहेत."

श्रद्धानं तेही लिहिलं.

नेत्राचं डोकं एका जागी अडकलं होतं. दमयंतीबाई खोटं बोलत नव्हत्या. शेठसारखं नाक मुरडणारं तोंड नव्हतं ते. आणि सोडेही खोटं बोलत नव्हते, तिच्या कानाशी खळखळले होते. मग? ओला सोडा थपथप करतो, असं बाईच म्हणाल्या होत्या. मग थपथप तरी ऐकू यायला हवी. बाई म्हणतात काहीच येत नाही. काहीच नाही म्हणजे काय? भरलेलं सूप हलतं आणि काहीच वाजत नाही, असं ओल्या चिखलाचंसुद्धा होत नाही.

"ताई, दोन मिनिटं द्या," ती म्हणाली. "दोनच. आई, तुम्ही बोलत राहा. आणि सूप थांबवू नका."

"काय बोलू?"

"काही पण. शेठबद्दल बोला."

हा विषय गुणवंतीला कमी पडणारा नव्हता. नेत्रा फोन घेऊन शेडच्या बाहेर धावली. जाळ्यांच्या ढिगाऱ्यापलीकडं जाऊन तिनं त्याच मीटिंगची लिंक फोनवर उघडली, आपला माइक बंद केला, नाहीतर कल्लोळ झाला असता, आणि इअरफोन कानात घातले.

आणि तिला पुण्याचं ऐकू आलं.

पडद्यावर सासूबाई सूप हलवत होत्या, दात-ओठ खाऊन. आणि कानात सासूबाईंचा आवाज, आरशासारखा स्वच्छ: "...अहो, तो शेठ म्हंजे ज्या बोटीत बसतो तिचीच फळी काढून विकतो." पण खळखळ नव्हती. पंखाही नव्हता. सूप मुक्यासारखं हलत होतं. बाजूला श्रद्धाची दहा बोटं कीबोर्डवर मुसळासारखी पडत होती, आणि त्यांचाही आवाज नव्हता.

नेत्रानं श्रद्धाच्या बोटांकडं पाहिलं, मग सुपाकडं. बारीक, कडक, तुटक आवाज. ठक ठक ठक. खळ खळ खळ. त्या गाळणीला दोन्ही एकच.

ज्यांनी ही गाळणी बनवली त्यांनी तिला माणसाचं बोलणं शिकवलं, आणि बोलणं नाही ते फेकून दे म्हणून सांगितलं. कीबोर्ड फेक, पंखा फेक, कुत्रा फेक. बरोबरच आहे, गार खोलीत बसून दिवसभर बोलणाऱ्यांसाठी ती केलेली. त्यातल्या एकानं कधी सुपात सोडे हलवून पाहिले असते तर! पण सोडे त्यांच्या ताटात येतात ते शिजून. तिथं ते वाजत नाहीत.

ती धावत आत आली. "ताई, तुमचे कान चांगले आहेत. आणि आमचे सोडे पण. चूक माझी. मघाशी ठकठक थांबवायला मी जे लावलं, त्यानं सोडे पण पुसून टाकले."

"म्हणजे?"

"थांबा, काढते."

तिनं 'हाय'वरून सरळ 'ऑफ' केलं. पुण्यात दमयंतीबाईंनी दोन्ही हातांनी हेडफोन उपटून काढले.

"अगो बाय माझे," त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांच्या पुण्यानंतर पहिल्यांदा गणपतीपुळ्यासारख्या. "होडीचं इंजिन चालू केलंत काय?"

"पंखा, ताई. आता तो उघडा पडला."

"मग सोडे कसे ऐकू मी यात?"

नेत्रानं पंखा बंद केला. शेडमध्ये शांतता पसरली, आणि त्या शांततेत भूं करत पहिली माशी आली. ती सुपावर एक चक्कर मारून गेली, आणि दुसऱ्या सगळ्यांना बोलावून घेऊन आली. गुणवंतीनं सूप पोटाशी धरून पदराखाली झाकलं. "लाव पंखा. लाव लवकर."

पंखा लागला. होडी चालू झाली. दमयंतीबाईंनी हात उंचावून घड्याळाकडं पाहिलं.

त्याच वेळी दारात बाबल्या उभा राहिला. बाबल्या म्हणजे गुणवंतीचा धाकटा दीर, ट्रॉलरवरचा खलाशी. बोट दुरुस्तीला लागल्यामुळं त्याला चार दिवस काही काम नव्हतं आणि सगळ्या कामांत लक्ष होतं. खांद्यावर टॉवेल, आताच विहिरीवरून आलेला.

"चा मिळंल काय गो वहिनी?"

"बाबल्या, मेल्या, इकडं ये," गुणवंती म्हणाली. "टॉवेल काढ."

"काय?"

"टॉवेल काढ खांद्यावरचा. आणि हलव."

नेत्राला एकदम सगळं जुळलं. मधला पर्याय होता ना. 'लो'. सलग एकसुरी घरघर असते ती तो खाली बसवतो, पण मधेच वाजणाऱ्या गोष्टींना फारसा हात लावत नाही. गाणं-वाजवणं ऐकवायचं असेल तर हेच ठेवा, असं त्या कंपनीतल्या मुलीनं कधीतरी सांगितलेलं. पण पंखा फुल्ल असताना, आणि झोत सरळ माइकच्या तोंडावर असताना ते जमायचं नाही. वाऱ्याचे धक्के म्हणजे काही एकसुरी घरघर नव्हे.

तिनं 'लो' केलं. पंखा एकवर आणला, शेडच्या पार टोकाला नेला आणि त्याचं तोंड पोत्यांकडं फिरवलं. माश्यांचं अर्धं काम तो तिथं करील, उरलेलं बाबल्या. लॅपटॉप उचलून सुपाच्या अगदी जवळ आणला. "काका, टॉवेल आवाज न करता हलवा. फटकारे नकोत. आणि पडद्यात दिसू नका."

"म्हणजे मी वारा व्हायचं."

"तेच."

"बायकोनं आजवर कधी एवढं मोठं काम दिलं नव्हतं."

"तोंड पण बंद. श्रद्धा, हात वर."

"का?"

"आता तुझी ठकठक जाईल पलीकडं. गाळणी सैल केलीय."

श्रद्धानं दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे. बाबल्या टेबलाखाली अर्धा वाकून टॉवेल ढाळू लागला, राजाला चवरी ढाळावी तसा. फक्त इथं राजा सोडे होते.

"ताई, आता?"

"लांब कुठंतरी पंखा आहे असं वाटतंय. चालेल. हलवा."

गुणवंतीनं सूप हलवलं. एकदाच, सावकाश.

दमयंतीबाईंनी डोळे मिटले.

शेडमध्ये चौघंही त्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत होती. एक माशी बाबल्याच्या नाकावर बसली. तो टॉवेल ढाळत राहिला.

"पुन्हा," दमयंतीबाई म्हणाल्या.

खळ्ळ.

"अजून."

खळ्ळ, खळ्ळ.

"उजवीकडचं पोतं, दाराजवळचं. त्यातले."

नेत्रानं पोतं फोडलं, सूप भरलं. खळ्ळ. तेही तसंच. मग अजून एक. तेही तसंच. बाई पोती दाखवत गेल्या आणि या उघडत गेल्या, आणि शेवटी शेवटी माल तपासायला की नुसतं ऐकायला, ते नेत्राला कळेना.

दमयंतीबाईंनी डोळे उघडले. "आईनं सूप कानाशी धरलं की मी मांडीवर असायचे तिच्या," त्या म्हणाल्या. मग लगेच घसा खाकरून खाणावळवाल्या झाल्या. "कोरडा आहे माल. मघाशी ओला म्हटलं, ते शब्द मागे घेते."

"घ्या," गुणवंती म्हणाली. "आमी पण तुमच्या कानांबद्दल बोलणार होतो, ते आमच्या सुनेनं गिळायला लावलं."

"काय बोलणार होतात?"

"जाऊ दे ना बाई. गाळून टाकलं."

दमयंतीबाई हसल्या. अशा हसल्या की हेडफोन घसरले. "आता शेठला काय सांगू? तो येईल दहा मिनिटांत."

"त्याला म्हणावं सूप आण," गुणवंती म्हणाली. "सूप धरता येतं का बघा त्याला."

"खरं तर त्याचेही सोडे असेच खळखळतील."

"खळखळतीलच. आमचेच हायत ते."

यावर बाईंनी घसरलेले हेडफोन कानांवर नीट बसवले. हा आवाज कुठल्याच गाळणीनं अडवण्यासारखा नव्हता. मग त्या सरळ बसल्या. "घ्या लिहून. पहिला माल दिवाळीआधी. तुमच्या गटाच्या नावानं. पिशवीवर तुमचंच नाव, दुसऱ्या कुणाचं नाही."

श्रद्धाचे हात अजून वरच होते. तिनं नेत्राकडं पाहिलं. नेत्रानं मान हलवली. मग ते हात खाली आले ते थेट कीबोर्डवर. ठक, ठक, ठक, ठक. एवढा वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर.

नेत्रा सवयीनं सेटिंगकडं वळली. "थांबा ताई, परत 'हाय' करते. त्रास होईल तुम्हाला."

"राहू दे," दमयंतीबाई म्हणाल्या. "ठोकू दे तिला. जे लिहितेय ते माझ्या कानांनी ऐकते मी."

टेबलाखालून आवाज आला, "वहिनी, मी आता वारा थांबवू काय? चा पायजे."

"हे कोण?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"कोण नाय," गुणवंती म्हणाली. "आमचा दुसरा पंखा."